सूत्र नाही, नुसतं टेबल: चेन रूलचा असा प्रश्न विचारावा का?

बारावीची आई

मुलगी बारावी सायन्सला आहे. सराव पेपरात खालचं टेबल होतं आणि प्रश्न असा: h(x) = f(g(x)) असेल तर h'(2) काढा. f आणि g ची सूत्रं कुठेच नाहीत. तिने −6 लिहिलं, उत्तरसूचीत 21 आहे. फंक्शनच माहीत नसताना डेरिव्हेटिव्ह विचारणं योग्य आहे का? मला तर हे अन्यायाचं वाटतं.

| x | f(x) | f'(x) | g(x) | g'(x) |
|---|---|---|---|---|
| 1 | 3 | 5 | 2 | −1 |
| 2 | 1 | −2 | 4 | 3 |
| 3 | 4 | 6 | 1 | 0.5 |
| 4 | 2 | 7 | 3 | 2 |

क्लासवाले सर, नाशिक

ताई, माझंही मत हेच. अठरा वर्षं बारावीला शिकवतोय. sin(x²) फळ्यावर लिहिलं की पोरांना बाहेर sin आणि आत x² डोळ्यांनी दिसतं. आधी बाहेरचं सोडवा, आतलं तसंच ठेवा, मग आतल्याच्या डेरिव्हेटिव्हने गुणा. यात काहीतरी घडताना दिसतं. टेबलात काय दिसतं? एका ओळीतून एक आकडा उचला, दुसऱ्या ओळीतून दुसरा, आणि गुणा. ज्याला चेन रूल का लागतो हे अजिबात कळलेलं नाही, तोही आठवड्याभरात ‘आधी g बघ, मग तिथला f' बघ’ घोकून पैकीच्या पैकी मार्क घेतो. माझ्याच वर्गात असे आहेत. आणि ज्याला खरंच येतं, तो घाईत ओळ चुकला की शून्य.

निवृत्त प्राध्यापिका

सर, ओळ चुकणं ही घाईची चूक आहे असं तुम्ही धरताय. मला ती समजण्यातली चूक वाटते, आणि ती नेमकी कुठे आहे ते हे टेबल सांगतं.

ताई, तुमच्या मुलीने −6 कसं आणलं ते बघा. x = 2 च्या ओळीतून f' घेतला −2, त्याच ओळीतून g' घेतला 3, आणि गुणाकार केला. म्हणजे गुणायचं आहे हे तिला ठाऊक आहे, निम्मा नियम तिच्या हातात आहे. राहिलं ते एवढंच की f ला 2 कधी मिळतच नाही. f ला x ऐवजी काय मिळतं? g(2), म्हणजे 4.

तिला असं करून दाखवा. x ला 2 वरून 2.01 वर न्या. g तिथे 3 च्या वेगाने वाढतंय, म्हणून g चा आकडा 4 वरून साधारण 4.03 होतो. आता f च्या हातात 4 होतं, त्याचं 4.03 झालं. 4 पाशी f चा उतार 7 आहे, म्हणजे f साधारण 0.21 ने वाढेल. x मधली वाढ होती 0.01. भागा, 21 येतात. या सगळ्यात f चा 2 पाशी उतार किती हे विचारायची वेळच आली नाही. तो −2 तिथे आहे तो फक्त चुकून उचलला जातो का हे बघण्यासाठी.

असा पेपर तपासताना मला उत्तरावरूनच मूल दिसायचं. −6 आलं तर वरच्यासारखं. 7 आलं तर f'(4) बरोबर शोधलं, पण आतल्या डेरिव्हेटिव्हने गुणायचं राहिलं. 6 आलं तर g(2) ऐवजी g'(2) आत घातलं. 2 आलं तर क्रम उलटा, g(f(x)) चं डेरिव्हेटिव्ह काढलं. सूत्रं असताना पान भरून आकडेमोड होते आणि चूक त्यात कुठे लपते ते शोधायला दहा मिनिटं जातात.

इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष

पण सूत्र नाही असं का म्हणता? चार बिंदू दिलेत, त्यांतून जाणारा तीन घाताचा बहुपदी एकच असतो. f साठी तो काढा, g साठी काढा, मग नेहमीसारखं विकलन करा. सगळा वाद मिटला. आम्ही न्यूमेरिकल मेथड्समध्ये हेच करतो.

निवृत्त प्राध्यापिका

बिंदूंतून तसा एकच बहुपदी जातो हे बरोबर. पण तो म्हणजेच f, हे तुम्हाला कोणी सांगितलं? करून बघा. (1,3), (2,1), (3,4), (4,2) यांतून जाणाऱ्या त्या बहुपदीचा 4 पाशी उतार येतो −47/6, म्हणजे साधारण −7.83. टेबल सांगतं 7. नुसता आकडा नाही, चिन्हसुद्धा उलटं. म्हणजे तुम्ही काढलेलं फंक्शन हे दुसरंच कुणीतरी आहे.

f' चा रकानाही वापरायचा असेल तर आठ अटी होतात आणि सात घातांपर्यंतचा एक बहुपदी त्या सगळ्या पाळतो. त्यावरून 21 नक्की येईल. पण त्यात (x−1)²(x−2)²(x−3)²(x−4)² या पदाची कितीही पट मिळवली, तरी त्या चारही ठिकाणी किंमत बदलत नाही आणि उतारही बदलत नाही. म्हणजे या टेबलाला साजेशी फंक्शनं अगणित आहेत, आणि त्या प्रत्येकासाठी h'(2) हे 21 च आहे. सूत्र शोधायची मेहनत वायाच जाते.

इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष

−7.83 काढून बघितलं, खरंच तेच येतंय. माघार. पण टेबलात नसलेल्या x ला, म्हणजे 2.5 ला विचारलं तर बहुपदीच लागणार ना?

निवृत्त प्राध्यापिका

लागेल, पण ते अंदाज म्हणून. 21 हा अंदाज नाही.

आजोबा, सांगली

माझ्या मते टेबलच चुकलेलं आहे. g ची किंमत 1 ला 2, 3 ला 1. मधल्या 2 पाशी उतार (1−2)/(3−1), म्हणजे उणे अर्धा असायला हवा. टेबल म्हणतं 3. छापायची चूक असावी, मुलीचा दोष नाही.

क्लासवाले सर, नाशिक

आजोबा, टेबल बरोबर आहे. तुम्ही 1 पासून 3 पर्यंतचा सरासरी उतार काढलात. g' (2) हा नेमका 2 पाशी आहे. मध्ये g 2 वरून 4 पर्यंत चढून पुन्हा 1 वर उतरतंय, ते टेबलातच दिसतं. चढता चढता 2 पाशी उतार 3 असू शकतो. माझ्या वर्गातही दरवर्षी कोणीतरी g' चा रकाना सोडून वजाबाकी करत बसतं. हाही माझ्या तक्रारीचा भाग आहे. टेबल दिसलं की मुलांना वाटतं, आता फरक काढायचे.

पंपावरचा हिशेबनीस

मी गणितातला नाही, पेट्रोल पंपाचा हिशेब बघतो. पण वरचं वाचून वाटलं, हे तर आम्ही रोज करतो.

जमिनीखालची टाकी आडवी गोल असते. आमच्या एका टाकीचा व्यास 2 मीटर, लांबी 6.4 मीटर. रोज डिप रॉड टाकून पातळी मोजायची आणि डिप चार्टमध्ये त्या सेंमीसमोर लिटर बघायचे. टाकी गोल असल्यामुळे एका सेंमीला किती लिटर, हे उंचीप्रमाणे बदलतं. डिप 100 ला, म्हणजे बरोबर मध्यावर, एका सेंमीला 128 लिटर. डिप 20 ला एका सेंमीला 77 च्या आसपास, कारण तिथे टाकी अरुंद.

सकाळी 10 वाजता डिप 100 आणि पातळी तासाला 3 सेंमी उतरत असेल तर तासाला 384 लिटर गेले. दुसऱ्या दिवशी डिप 20 आणि पातळी तशीच तासाला 3 सेंमी उतरत असेल तर फक्त 231. पूर्वी मी जिथे होतो तिथे एका नव्या मुलाने 20 च्या डिपलाही 128 च धरले. हिशेबात 384 लिटर गेलेले, नोझलचा मीटर 231 दाखवतोय, 153 लिटरची तफावत. गळती आहे म्हणून दिवसभर पळापळ झाली. चार्टची ओळ चुकली होती, बाकी काही नाही.

आमच्याकडे सूत्र कोणालाच माहीत नाही. चार्ट आणि घड्याळ. मग हा प्रश्न अन्यायाचा कसा?

निवृत्त प्राध्यापिका

दादा, तुमचं उदाहरण मी शिकवत असताना मिळालं असतं तर फार उपयोगी पडलं असतं. एक फरक मात्र आहे. तुमच्या चार्टमधले 128 आणि 77 हे एकेका सेंमीवरचे फरक आहेत, म्हणून तुमचं उत्तर जवळपासचं. परीक्षेतल्या टेबलात f' नेमका त्या जागचा दिलेला असतो.

क्लासवाले सर, नाशिक

दादांच्या उदाहरणाने माझं मत थोडं हललं, पण वेगळ्या कारणाने. पंपावर सकाळी 10 वाजले म्हणून चार्टमध्ये 10 सेंमीसमोर कोणी बघणार नाही. वेळ तासांत, डिप सेंमीत, दोन कागद वेगळे. नवा मुलगा चुकला तोही डिपच्या ओळीतच चुकला, घड्याळ आणि चार्ट त्याने एक केले नाहीत. पण परीक्षेतल्या टेबलात f आणि g एकाच x च्या रकान्याला टांगलेली असतात, आणि g चे आकडेही 1 ते 4 च. g मध्ये जाणारा 2 आणि f मध्ये जाणारा 4 हे दोन वेगळ्या अक्षांवरचे आकडे आहेत, ते त्या एका रकान्यात मिसळून जातात. मुलीची −6 ची चूक मला तिथून आलेली वाटते.

म्हणून मी परवा वर्गात करून बघितलं. दोन टेबलं. एकात x, g, g'. दुसऱ्यात u, f, f'. पोरांनी स्वतःहून विचारलं, ‘सर, u किती घ्यायचा?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला ना, तिथे चेन रूल अर्धा झाला.

निवृत्त प्राध्यापिका

शिकवताना दोन टेबलं जरूर द्या, मीही देईन. परीक्षेत मात्र नाही. u किती हा प्रश्न छापील कागदाने विचारला की मुलाला तो स्वतःला विचारावा लागत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच तपासायचं असतं.

क्लासवाले सर, नाशिक

इथे आपलं जुळणार नाही, मॅडम. मांडणीने चकवा दिला म्हणून मुलाचे मार्क जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

बारावीची आई

तुम्हा सगळ्यांचे आभार. 2.01 चं गणित रात्री मुलीसोबत बसून केलं. 0.21 आल्यावर तिने −6 स्वतःच खोडलं. मग तिने हट्टाने पुढचा प्रश्न सोडवायला घेतला: k(x) = f(g(x) + 1), k'(2) काढा. ती म्हणते आत 5 येतो, त्याचं डेरिव्हेटिव्ह 3 च, पण टेबलात 5 ची ओळच नाही. तिचं काही चुकतंय का?

निवृत्त प्राध्यापिका

काही चुकत नाही. f'(5) दिलेला नाही, म्हणून k'(2) या माहितीवरून काढता येत नाही. हेच उत्तर, आणि कारण एका ओळीत लिहायचं.

क्लासवाले सर, नाशिक

उत्तर हेच. पण ताई, पेपरात लिहिण्याआधी प्रश्न पुन्हा वाचायला सांगा. तिथे g(x) + 1 आहे की g(x + 1), बघा. दुसरं असेल तर आत g(3) येतं, म्हणजे 1, आणि उत्तर f'(1) × g'(3) = 2.5.

बारावीची आई

बघितलं सर. g(x) + 1 च आहे. ‘काढता येत नाही’ लिहायला ती घाबरतेय, मार्क मिळतील का विचारतेय.