मदत हवी आहे: शिष्यवृत्ती स्वीकारताना दोन मिनिटांचं मनोगत

माणदेशी: धाकटी बहीण माण तालुक्यातल्या आमच्या गावातून पुण्याला इंजिनिअरिंगला गेली आहे. एका ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली असून सगळ्या मुलांच्या वतीने तिनेच बोलायचं आहे. वेळ दोन मिनिटं. तिचा मसुदा साडेतीनशे शब्दांचा आहे. पहिला परिच्छेद नुसता पाहुण्यांच्या नावांचा, पुढे ‘माझ्यासारख्या गरीब मुलीला’ तीनदा. काय कापू?

पाटीपेन्सिल: नावं कापू नका, लोक रुसतात. बाकी भाषण तोंडपाठ करायला सांगा.

खडूफळा: अध्यक्ष आणि देणगीदार यांची नावं घ्यावीत, बाकीचे ‘व्यासपीठावरील मान्यवर’ यात येतात. सूत्रसंचालकाने सगळी नावं आधीच घेतलेली असतात. शिवाय छापील पत्रिकेवरून नावं वाचली, की न आलेल्या पाहुण्याचंही नाव घेतलं जातं. कोण आलंय ते कार्यक्रम सुरू झाल्यावरच बघावं.

सभागृहात सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात. टाळ्या धरून मजकूर 180 शब्दांवर आणा.

‘गरीब’ तिन्ही ठिकाणी काढा. त्या शब्दाने ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्याऐवजी पैसा कुठे लागला ते सांगावं. उदाहरणार्थ: ‘आमच्या गावातून कॉलेजला जायला सकाळी एकच एसटी. ती चुकली की त्या दिवसाचं प्रॅक्टिकल बुडायचं. या शिष्यवृत्तीतून वसतिगृहाची फी भरली आणि आता मी लॅबमध्ये वेळेवर असते.’ तपशील तिचा खरा असावा, कारण नंतर चहाच्या वेळी देणगीदार त्याबद्दलच विचारतात.

सगळं पाठ केलं तर मधलं एक वाक्य निसटलं की पुढचं सगळं अडतं. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ करावं, मधल्यासाठी तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर पाच शब्द: एसटी, फी, लॅब, बाकीची मुलं, आभार. ‘बाकीची मुलं’ राहू देऊ नका, ती त्यांच्या वतीने बोलते आहे. प्रमाणपत्र आणि चेकचा लिफाफा घेऊन माइकपाशी गेली तर पुठ्ठा धरायला हात उरत नाही, म्हणून ते आधी खुर्चीवर ठेवावं. माइक तोंडापासून वीतभर.

रानवारा: महाडीबीटीवर माझा अर्ज मंजूर दिसतोय, पण पैसे आले नाहीत. ट्रस्टवाल्यांनाच विचारायचं का?

खडूफळा: रानवारा, ती सरकारी शिष्यवृत्ती, हा ट्रस्टचा कार्यक्रम. खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आधी बँकेत बघा. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा.

माणदेशी: 185 शब्द झाले. आईबाबा समोर बसणार आहेत, त्यांचे आभार सुरुवातीला की शेवटी?

खडूफळा: शेवटी. आधी घेतले आणि तिचा आवाज दाटला, तर पुढचं सगळं अडखळतं.

पाटीपेन्सिल: आणि भाषा प्रमाणच ठेवा हं.

खडूफळा: हे नाही पटत. घरात बोलते तशी बोलली तर वाक्यं आपोआप छोटी होतात.

माणदेशी: तिलाही माणदेशीच हवी आहे, पण ट्रस्टने मजकूर आधी लेखी मागितलाय. बोलीतलं तसंच लिहून पाठवावं का? कुणी पाठवलंय?