'पूर्णतः अस्थितिस्थापक' म्हणजे सगळंच संपलं का?

नारायणपेठी: भाचीसाठी एका इंग्रजी प्रश्नसंचाचं मराठी करतोय. दोन ट्रॉल्या धडकतात आणि चिकटून एकत्र पुढे जातात. मी लिहिलं, 'पूर्णतः अस्थितिस्थापक टक्कर'. भाची म्हणाली, "मामा, पूर्णतः म्हणजे गतिज ऊर्जा पूर्ण गेली ना? मग त्या चालतायत कशा?" दुसरा शब्द आहे का?

खडूसकाका: मुळात स्थितिस्थापक हा शब्दच पोरांचे दात पाडणारा. सरळ 'लवचीक' म्हणा.

प्रयोगवही: काका, लवचीक म्हटलं की पोरं वाकणाऱ्या वस्तूकडे धावतात. पोलादी गोळ्या एकमेकींवर आपटल्या की वाकताना दिसत नाहीत, पण दबलेला आकार जवळपास पूर्ण परत मिळवतात. स्थिती पुन्हा स्थापतात. शब्द चोख आहे.

भाचीचा प्रश्नही चोख आहे. 2 किलोची ट्रॉली सेकंदाला 3 मीटरने येऊन थांबलेल्या 1 किलोच्या ट्रॉलीला धडकली. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, 6; गतिज ऊर्जा 9 ज्यूल. चिकटल्या तर 3 किलोंनी तोच 6 संवेग वाहायचा, म्हणून वेग 2. ऊर्जा उरली 6 ज्यूल. तीन ज्यूल आवाजात, उष्णतेत, चेपण्यात गेले. याहून जास्त जाऊच शकत नाहीत, कारण संवेग सोडून देता येत नाही. 'पूर्णतः' आहे ते या अर्थी.

गोळाफेक: पण मातीचे दोन सारखे गोळे सारख्याच वेगाने समोरासमोर आले तर जागीच थांबतात. म्हणजे सगळी ऊर्जा जाते. भाची बरोबर!

प्रयोगवही: तिथे एकूण संवेगच शून्य आहे, म्हणून. भाचीच्या ट्रॉल्यांचा नाही.

कॅरमवाला: आमच्या वाड्यात स्ट्रायकर सोंगटीला बसला की स्ट्रायकर थोडा पुढे सरकायचाच. मग ती चिकट टक्कर का?

प्रयोगवही: नाही हो, स्ट्रायकर जड असतो. वरच्याच ट्रॉल्या स्थितिस्थापक धडकल्या तर जडही 1 ने पुढे जाते आणि हलकी 4 ने सुटते. संवेग 2 आणि 4, पुन्हा 6. ऊर्जा 1 आणि 8, पूर्ण 9. ओळखायचं ते एकमेकींपासून दूर जाण्याच्या वेगावरून: जवळ येताना 3, दूर जाताना 4 वजा 1, तेही 3. चिकटल्या तर शून्य. कॅरमची टक्कर या दोहोंच्या मधे कुठेतरी. आणि संवेग तिन्हीकडे टिकतो, त्यावरून काही ओळखता येत नाही. पोरं नेमकी तिथेच फसतात.

खडूसकाका: 'संवेग'ही हिंदीतून उचललेला दिसतो.

नारायणपेठी: काका, सम् आणि वेग, संस्कृत आहे! आणि माझा शब्द राहिलाच की. 'चिकट टक्कर' लिहू का?

खडूसकाका: लिहा. आणि पेपरात गुण गेले की मामाला पाठवा.

कॅरमवाला: पण पावडर कमी असेल तर स्ट्रायकर थांबतो, त्याचं काय?