मदत हवी आहे: ताळेबंदामागच्या टिपांमधलं गुडविल आणि 180 कोटींची संभाव्य देणी कशी वाचायची?

शेअरवेडा_सातारा: एका स्मॉलकॅप कंपनीचा वार्षिक अहवाल वाचतोय. कन्सॉलिडेटेड नेटवर्थ 640 कोटी, पण त्यात 210 कोटी गुडविल आणि 95 कोटी ‘विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता’. स्टँडअलोनच्या टिपांमध्ये 180 कोटींची संभाव्य देणी आहेत. सगळं वजा केलं तर हातात 155 कोटीच उरतात. हिशोब बरोबर आहे का?

बाजारबुणगे: गुडविल पुस्तकी असतं हो. राइट-ऑफ केलं तरी रोकड जात नाही. सोडून द्या.

निवृत्त_ऑडिटर: रोकड आत्ता जात नाही, कारण कंपनी विकत घेतली तेव्हाच गेली. ते पैसे वसूल होणार का, हे गुडविलच्या टिपेत पाहा. कोणता वाढीचा दर धरलाय?

आणि 180 सरसकट वजा करू नका. त्यात उपकंपनीच्या कर्जाची हमी आहे का? असेल तर ते कर्ज कन्सॉलिडेटेड ताळेबंदात आधीच बसलंय. नाहीतर तेच दोनदा मोजाल.

शेअरवेडा_सातारा: हो! 110 कोटी हमी, 70 कोटी जीएसटी-एक्साइजचे वाद. गुडविलसाठी पाच वर्षं 14 टक्के वाढ धरलीय. त्या युनिटची विक्री मात्र दोन वर्षं घटतेय.

निवृत्त_ऑडिटर: मग गुडविलवर माझा तरी विश्वास बसत नाही. 70 कोटींसाठी ऑडिटरच्या अहवालाची कारो पुरवणी उघडा. न भरलेले वादग्रस्त कर रक्कम, वर्ष आणि कुठल्या ट्रिब्युनलकडे प्रकरण आहे, यासह तिथे असतात. टिपेतल्या आकड्याशी ताडून पाहा. व्याज धरलंय का, तेही बघा. टेलिकॉमच्या एजीआर वादात मूळ लायसन्स फी सुमारे 23 हजार कोटी होती. व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज धरून मागणी 92 हजार कोटींवर गेली. ऑक्टोबर 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि आधीच संपलेल्या जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या आकड्यांत व्होडाफोन आयडियाला जवळपास 51 हजार कोटींचा तोटा दाखवावा लागला. वाद वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत होता.

मेडिकलवाले_काका: माझं दुकान विकायचंय. चालू गिऱ्हाइकाचं गुडविल किती मागू?

बाजारबुणगे: काका, वेगळा धागा काढा. पण ‘संभाव्य’ म्हणजे पैसे जाण्याची शक्यता कमीच ना? नाहीतर प्रोव्हिजन केली असती.

निवृत्त_ऑडिटर: शक्यता किती, हे आधी कंपनीच ठरवते. वकिलाचं मत घेते, ऑडिटर तपासतो, पण मतच ते. खालच्या दोन पायऱ्यांवर हरूनही तोच आकडा तसाच टिपेत असेल, तर मी निम्मा तरी देणं धरतो. ही माझी सवय, नियम नव्हे.

शेअरवेडा_सातारा: पुरवणीत दोन प्रकरणं 2014 पासूनची निघाली, व्याज धरलेलं नाही. त्या 95 कोटींच्या वयाच्या तक्त्यात 60 कोटी ‘तीन वर्षांहून जास्त’ रकान्यात आहेत. नेमकं काय विकसित होतंय, ते कुठेच लिहिलेलं नाही. कॉन्फरन्स कॉलवर छोट्या भागधारकाला हे विचारू देतात का?