जलचक्र शिकवून झालं. तास संपताना कोणते दोन प्रश्न विचारू? (इयत्ता चौथी)

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. चौथीला जलचक्र शिकवून झालं, तीन तास लागले. आकृती मुलांना तोंडपाठ आहे: समुद्र, वर जाणारा बाण, ढग, पाऊस, नदी, परत समुद्र. बाष्पीभवन आणि संघनन हे शब्दही अडखळत का होईना, सगळे म्हणतात. काल तास संपल्यावर एक मुलगी थंड पाण्याची बाटली बाहीला पुसत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, बाटली नवीन आहे तरी गळते." दहा मिनिटांपूर्वी हीच मुलगी फळ्यापाशी येऊन संघनन कुठे होतं ते बरोबर दाखवून गेली होती. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

उद्या शेवटच्या पाच मिनिटांत एक्झिट तिकीट घ्यायचं आहे. वर्गात ३८ मुलं आहेत, त्यामुळे दोनपेक्षा जास्त प्रश्न नकोत. नुसते शब्द पाठ आहेत की खरंच कळलंय, हे चिठ्ठी हातात घेतल्याबरोबर समजलं पाहिजे. तुम्ही काय विचारता?

निळीशाई
मी कोरी आकृती देते. बाण छापलेले असतात, नावं मुलांनी लिहायची. पाच मिनिटांत होतं आणि तपासायलाही सोपं जातं. दरवर्षी हेच करते, छान चालतं.

पाटीपेन्सिल
ताई, तीही देऊन झाली. ३८ पैकी ३५ मुलांची बरोबर आली. बाटलीवाली मुलगी त्या ३५ मध्येच आहे, म्हणून तर हा धागा काढला.

थेंबाचा_माग
आकृतीत मुलं बाण लक्षात ठेवतात, पाण्याचा माग काढत नाहीत. म्हणून तिकिटावर आकृतीतला एकही शब्द विचारायचा नाही. प्रश्न मुलांच्या हाताशी असलेल्या पाण्याबद्दल हवेत, आणि "याला काय म्हणतात" ऐवजी "ते पाणी कुठे गेलं, कुठून आलं" असे हवेत. मी बरीच वर्षं ही जोडी वापरतो:

१. बंद खोलीत गुळगुळीत फरशीवर थोडं पाणी सांडलं. तिथे ऊन येत नाही. दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी होती. ते पाणी आता कुठे आहे?
अ) फरशीत मुरलं
आ) संपलं, आता कुठेच नाही
इ) खोलीतल्या हवेत आहे
ई) ढगात गेलं

२. घट्ट झाकणाची, थंडगार पाण्याने भरलेली बाटली टेबलावर ठेवली. थोड्या वेळाने तिच्यावर बाहेरून थेंब दिसले. ते पाणी कुठून आलं?
अ) बाटलीच्या आजूबाजूच्या हवेतून
आ) बाटलीच्या आतून झिरपलं
इ) बाटलीच्या गारव्याचंच पाणी झालं
ई) भरताना वरून सांडलं

प्रत्येक प्रश्नाखाली एक रिकामी ओळ ठेवा: "तुला असं का वाटतं?"

यातला एकही चुकीचा पर्याय भरतीचा नाही. पहिल्या प्रश्नात "ढगात गेलं" कोण निवडतंय ते नीट बघा. ही बहुतेक हुशार, पाठांतर पक्कं असलेली मुलं असतात. आकृतीतला बाण समुद्रातून थेट ढगात जातो, म्हणून त्यांच्या मते पाणी वाळलं की लगेच ढगात. खोली बंद आहे हे ती वाचतात आणि तरीही ढगच लिहितात. मध्ये हवा नावाचा टप्पा आहे, त्या हवेत न दिसणारं पाणी असतं, हे त्यांच्या चित्रातच नाही. मग बाटलीपाशी पोचल्यावर हवेतून पाणी येईल असं त्यांना वाटणार तरी कसं?

म्हणून दोन्ही उत्तरं जोडीनेच वाचा. पहिल्यात "हवेत" आणि दुसऱ्यात "आतून झिरपलं" असं असेल, तर त्या मुलाला पाणी हवेत जातं हे कळलंय, पण परत येतं हे कळलेलं नाही. म्हणजे त्याच्या मनातलं चक्र अजून अर्धंच आहे. एकट्या प्रश्नावरून हे दिसत नाही.

लेकीचा_बाबा
मी शिक्षक नाही, पण माझ्या मुलीच्या बाबतीत असंच झालं म्हणून विचारतो. तिला प्रश्न होता, "अंगणातलं डबकं आटलं, पाणी कुठे गेलं?" तिने लिहिलं, "जमिनीत." ते चूक दिलं आणि गुण कापले. घरी येऊन रडली. या तिकिटांनाही असेच गुण असतात का?

थेंबाचा_माग
तुमच्या मुलीचं उत्तर चूक नव्हतं, प्रश्न ढिसाळ होता. मातीतल्या डबक्याचं काही पाणी खरोखर मुरतं आणि काही हवेत जातं. म्हणूनच मी वर गुळगुळीत फरशी घेतली आहे. आणि नाही, तिकिटाला गुण अजिबात द्यायचे नाहीत. गुण आले की मूल मनातलं लिहीत नाही, बाईंना काय हवं असेल ते लिहितं.

आडवाटेने
मला दोन शंका आहेत. चुकीचे पर्याय छापून आपणच ते मुलांच्या डोक्यात घालत नाही ना? ज्या मुलाला "गारव्याचं पाणी" कधी सुचलंच नसतं, ते आता तेच घेऊन घरी जाईल. दुसरं म्हणजे, माझ्या वर्गात पाच-सहा मुलं अशी आहेत की त्यांना सगळं समजतं, पण एक ओळ लिहायला दहा मिनिटं लागतात. मी तरी चित्रच काढून घेते.

थेंबाचा_माग
पहिल्या शंकेबद्दल सांगायचं तर हे पर्याय मोठ्यांनी रचलेले नाहीत, मुलांच्याच तोंडून आलेले आहेत. न्यूझीलंडमध्ये ऑस्बोर्न आणि कॉसग्रोव्ह या दोघांनी ८ ते १७ वर्षांच्या मुलांशी बोलून पाण्याच्या अवस्थांबद्दल त्यांना काय वाटतं ते पाहिलं होतं. तो अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. पाणी काचेतून बाहेर आलं, गारवा बाहेर येऊन त्याचं पाणी झालं, अशीच उत्तरं त्यांनाही मिळाली होती. तरी तुमची भीती अगदीच निराधार नाही. त्यामुळे तिकिटं घेतली की दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायलाच हवं. तसंच सोडून देणार असाल तर घेऊच नका.

लिहिण्याबद्दल मात्र तुमचं पटतं. अशा मुलांजवळ जाऊन "का?" एवढंच तोंडी विचारा आणि त्यांचे शब्द तुम्ही लिहून घ्या. चित्रात अडचण अशी की बाण बाटलीतून निघालेला दिसतो, पण बाहेर पाणी आलं की गारवा, ते बाणावरून कळत नाही. आणि या दोन चुकांचे उपाय वेगवेगळे आहेत.

आडवाटेने
बाण दोन रंगांत काढायला सांगितला तर? पाणी निळं, गारवा जांभळा. करून बघते.

पाटीपेन्सिल
आज तिकिटं घेतली. पाच मिनिटं पुरली नाहीत, आठ लागली.

बाटलीच्या प्रश्नाचे चार गठ्ठे केले. हवेतून १४, आतून झिरपलं ११, गारव्याचं पाणी झालं ९, वरून सांडलं ४. त्या १४ जणांची "का" ची ओळ वाचली तर पाच जणांनी तिथे फक्त "संघनन" लिहिलंय, पुढे काहीच नाही. ते पाच बाजूला काढून ठेवले. म्हणजे समजलंय असं खात्रीने म्हणावं अशी नऊच मुलं. कालपर्यंत मी ३५ धरून बसले होते.

फरशीच्या प्रश्नात १२ जण "ढगात", आणि हो, त्यात माझे पहिल्या बाकावरचे सगळे आहेत. एकाने कारण लिहिलंय: "खिडकीच्या फटीतून ढगात गेलं." त्याने निदान बंद खोलीचा विचार तरी केला, याचं मला फार बरं वाटलं.

बाटलीवाली मुलगी: फरशीला "हवेत", बाटलीला "आतून झिरपलं". तुम्ही म्हणालात तसंच, अर्धं चक्र. आता उद्या काय करू?

निळीशाई
बाटलीत रंगीत पाणी भरा! लाल रंग टाकून थंड करा. बाहेरचे थेंब बिनरंगी आले की आतून आले नाहीत हे मुलांना लगेच दिसेल. प्रश्नच मिटला.

थेंबाचा_माग
ताई, झिरपलं म्हणणाऱ्या ११ जणांसाठी हे उत्तम आहे, नक्की करा. पण गारव्यावाल्या नऊ जणांचं त्याने काहीच बिघडत नाही. ती म्हणतील, बरोबर आहे, गारव्याला कुठे रंग असतो? त्यांच्यासाठी वजन करा. बाटली फ्रीजरमधून काढा (काचेची नको, फुटेल), झाकण घट्ट आहे ना ते बघा, कोरडी पुसा आणि एका ताटलीत ठेवून लगेच एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. आकडा फळ्यावर लिहा. तासाच्या शेवटी पुन्हा बघा. हवा दमट असेल तर काही ग्रॅम वाढलेले दिसतात. ताटली विसरू नका, नाहीतर ओघळलेले थेंब मोजायचे राहतात. झाकण बंद आहे, आत काही घातलं नाही, तरी वजन वाढलं, म्हणजे बाहेरून काहीतरी येऊन बसलं.

हवा कोरडी असेल तर थेंब धरतच नाहीत आणि प्रयोग फसतो. आदल्या दिवशी स्वतः करून बघा.

आडवाटेने
पण गारव्यालाही वजन असतं असं एखादं मूल म्हणालं तर?

थेंबाचा_माग
म्हणतातच. मी विचारतो, बाटलीचा गारवा वाढतोय की कमी होतोय? हात लावून बघा. गारवा कमी होतोय आणि वजन मात्र वाढतंय. बऱ्याच मुलांना इथे पटतं. काहींना तरीही पटत नाही, आणि त्यांच्यासाठी चौथीत याहून चांगलं काही मला अजून सापडलेलं नाही.

निळीशाई
पुढच्या तिकिटावर ढगांचं विचारा ना. "ढग कशाचे बनतात?" उत्तर: वाफेचे.

थेंबाचा_माग
वाफ दिसत नाही ताई. दिसतो तो ढग पाण्याच्या बारीक थेंबांचा किंवा बर्फकणांचा असतो. नऊ वर्षांच्या मुलांना हा फरक तिकिटावर विचारावा का, याबद्दल माझंच मत दर वर्षी बदलतं. बाटलीचं नीट समजल्याशिवाय मी तरी विचारत नाही.

पाटीपेन्सिल
आज वजन केलं. सुरुवातीला ५१२, तासाच्या शेवटी ५१५. लाल पाण्याची बाटलीही शेजारी ठेवली होती. "झिरपलं"वाले बहुतेक तिथेच मागे हटले. गारव्यावाल्यांपैकी तिघं अजून ठाम आहेत.

बाटलीवाली मुलगी बराच वेळ काट्याकडे बघत राहिली आणि मग तिने विचारलं, "बाई, खोली बंद ठेवली आणि अशा खूप बाटल्या ठेवल्या, तर हवेतलं पाणी संपेल का?" मी तिला काहीच सांगितलं नाही. शुक्रवारच्या तिकिटावर तिचाच प्रश्न छापतेय, खाली पर्याय न देता.