विषय: आठवीच्या उजळणीपत्रिका, एका धड्याला तीन कशाला?

प्रेषक: मंडळाचे खजिनदार

बाई, नमस्कार. सोलापूरच्या शाळेच्या झेरॉक्सचा खर्च मंडळ करतंय, त्याला कुणाची हरकत नाही. पण सूट या एका धड्यासाठी तीन पत्रिका कशाला? एकाच पत्रिकेच्या शेवटी मोठ्या आकड्यांची गणितं घातली की हुशार मुलंही गुंततील.

प्रेषक: गणिताच्या बाई, सोलापूर

काका, पत्रिका एक केली तरी चालेल, पण मोठ्या आकड्यांनी गणित अवघड होत नाही, नुसतं लांबतं. आदल्या दिवशी मी सगळ्यांना एकच गणित घालते: चादरीची छापील किंमत 1200 रुपये, सूट 15 टक्के, तर किती पैसे द्याल? उत्तर 1185 आलं, तर त्याने सरळ 15 रुपये वजा केलेत. त्याला सोपी पत्रिका: 100 रुपयांवर 15, मग 200 वर किती, असं चढत जायचं. 180 लिहून थांबलेल्याला टक्के येतात, पण विचारलंय काय ते निसटलंय. त्याला मधली. 1020 वाल्याला तिसरी.

तिसरीत आकडे तसेच साधे, फक्त प्रश्न उलटा: 20 टक्के सूट देऊन चादर 960 ला विकली, छापील किंमत किती? चांगली मुलंसुद्धा 960 चे 20 टक्के, म्हणजे 192, मिळवून 1152 सांगतात. मी म्हणते, आता 1152 वर 20 टक्के सूट देऊन बघ. 921 रुपये 60 पैसे येतात, 960 नाही. मग कळतं की 960 हे 80 टक्के आहेत, म्हणजे किंमत 1200.

प्रेषक: रविवारच्या मराठी शाळेच्या ताई

आमच्याकडेही एकाच वर्गात अशी वेगवेगळ्या तयारीची मुलं, हीच अडचण. अर्ध्या मुलांना मराठी वाचता येत नाही, त्यांना मी सोपीच पत्रिका देते.

प्रेषक: गणिताच्या बाई, सोलापूर

ताई, तसं नका करू. आमच्या पूर्व भागातल्या कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. 'छापील किंमत' म्हणजे काय हे अडतं, टक्के नाही. अशांना तिसरीच पत्रिका द्यायची, पण वाक्यं छोटी करून आणि किमतीच्या चिठ्ठीचं चित्र काढून. सोपी दिली की ते कंटाळतात आणि आपल्याला वाटतं, गणित कच्चं आहे.

प्रेषक: मंडळाचे खजिनदार

पटलं. पण सोपी पत्रिका कुणाला मिळाली हे वर्गाला कळणारच ना? पोरं चिडवतील.

प्रेषक: गणिताच्या बाई, सोलापूर

कळतं, काका. म्हणून तिन्हींवर नाव एकच, आणि सोपीचं शेवटचं गणित हेच मधलीचं पहिलं, म्हणजे पुढे सरकायला वाट राहते. स्वतः निवडू दिलं तर काही जण मुद्दाम सोपी उचलतात, आणि मी वाटली तर चिडवाचिडवी. यावर कुणाकडे काही उपाय असेल तर कळवा. सध्या मीच वाटतेय.