अक्कांच्या फोनवर ‘साठा’ शोधताना

सचिव (सी-१०२): नमस्कार. सकाळी पाण्याचा टँकर गेटवर २० मिनिटं उभा होता. वॉचमनने गेटच्या ॲपवरून बी विंगला विचारलं, पण अक्कांकडून होकारच आला नाही. शेवटी वर जाऊन बेल वाजवावी लागली. ॲपचे निरोप यावेत म्हणून मी परवा मराठी सूचनांचा फोटो टाकला होता, त्याप्रमाणे सगळ्यांनी केलं का?

अक्का (बी-२०४): मी केलं की साहेब, अगदी तुम्ही लिहिलं तसंच. तेव्हापासून ॲप नंबर मागतंय. नंबर टाकला तर ओटीपी पोराकडे पुण्याला जातोय आणि तो दिवसभर कामावर असतो.

काका (सी-३०४): माझ्या फोनवर सगळं मराठीत आहे, तरी त्या फोटोतले शब्द एकाही पानावर नाहीत. दोन दिवस शोधतोय.

ए-३०३: अक्का, तुमचं काही चुकलेलं नाही. मी दुपारी तुमच्याकडे येऊन फोन पाहिला, म्हणून नेमकं काय झालं ते सांगते. ॲपचे मेनू मराठीत आणणं हेच माझं रोजचं काम आहे.

सचिवांनी इंग्रजी मेनूचा स्क्रीनशॉट घेतला आणि फोनमधल्या फोटो-भाषांतराने त्यावर मराठी चढवलं. दिसायला चित्र छान झालं, पण त्यातली बटणं कुणाच्याच फोनवर नाहीत. खाली पायरी लिहिली होती, ‘साठा साफ करा दाबा’. मूळ बटण होतं `Clear cache`. अक्कांच्या फोनवर मात्र दोन बटणं शेजारी शेजारी आहेत, डावीकडे `Clear storage` आणि उजवीकडे `Clear cache`. नातीने सांगितलं, स्टोरेज म्हणजे साठा. मग अक्कांनी डावीकडचं दाबलं. सूचना वाचून कुणीही तेच दाबलं असतं.

`Clear cache` फक्त तात्पुरत्या फायली काढतं, लॉगिन तसंच राहतं. `Clear storage` ॲपने फोनवर साठवलेलं सगळं पुसतं, नंबर आणि सेटिंग्जसकट. त्याआधी `Delete app data?` असं फोन विचारतो, पण सूचनेत त्या चौकटीचा उल्लेखच नव्हता. अक्कांना ती पुढची पायरी वाटली.

सचिव (सी-१०२): अरेरे, मला वाटलं मराठीत केलं की सगळ्यांना सोपं जाईल. मग सूचना इंग्रजीतच ठेवायच्या का?

ए-३०३: नाही साहेब, सूचना मराठीतच हव्यात. फक्त बटणाचं नाव वाचणाऱ्याच्या स्क्रीनवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर लिहायचं. बटणाचं नाव दारावरच्या पाटीसारखं असतं. पाटीवर एक आणि चिठ्ठीत दुसरंच असेल तर पाहुणा शेजाऱ्याची बेल वाजवतो. आधी स्क्रीनवरचं नाव, मग उच्चार, मग अर्थ असं लिहिते मी. उदाहरणार्थ: `Clear cache` (क्लिअर कॅश, म्हणजे तात्पुरत्या फायली काढणे) दाबा. अक्कांना इंग्रजी शब्द वाचता येत नाहीत, पण अक्षरं ओळखून त्यांचा आकार जुळवता येतो. दुपारी त्यांनी माझ्यासमोर जुळवून दाखवला.

शेजारी जवळपास सारखं बटण असेल तर त्याचंही नाव लिहायचं. ‘शेजारचं `Clear storage` दाबू नका’ एवढं वाक्य असतं तर अक्कांचं लॉगिन गेलं नसतं. ‘उजवीकडचं’ एवढ्यावर भागत नाही, कारण काही फोनवर ही बटणं खाली असतात आणि `Clear storage` ऐवजी `Clear data` लिहिलेलं असतं.

काका (सी-३०४): मग मराठी फोनवाल्यांनी काय करायचं?

ए-३०३: काका, तुमच्या फोनवरची मराठी नावं फोन बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलेली आहेत. ‘क्लिअर’साठी मला पुसा, साफ करा, हटवा असे तीन चांगले शब्द सुचतील, पण तुमच्या स्क्रीनवर त्यातला एकच असेल, किंवा चौथाच असेल. तो अंदाजाने लिहिता येत नाही, बघूनच लिहावा लागतो. मी माझा फोन थोडा वेळ मराठीत टाकते, तेच पान उघडते आणि नाव उतरवून घेते. भाषा बदलण्याआधी भाषेच्या पानापर्यंतचा रस्ता कागदावर लिहून ठेवते, नाहीतर परत येताना चुकायला होतं. पण तुमच्या फोनची कंपनी वेगळी आहे, म्हणून तुम्ही त्या पानाचा स्क्रीनशॉट मला पाठवा. त्यातलेच शब्द लिहून देते.

आणि गेटचं ॲप उघडल्यावर निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी दिसलं तर फोन बिघडला असं समजू नका. ॲप बनवणारे प्रत्येक भाषेची वेगळी शब्दयादी ठेवतात. मराठी यादीत एखादा शब्द राहिला तर त्या जागी मूळ यादीतला शब्द येतो, बहुतेक वेळा इंग्रजीच. अशा पानाच्या सूचनाही तशाच मिश्र लिहायच्या. राहिलेला शब्द आपण मराठी करून लिहिला की तो पुन्हा कुणालाच सापडत नाही.

बी-१०१: ताई, त्याच फोटोत ‘न वापरल्यास ॲप थांबवा’ असंही होतं. मी ते चालू केलं. बरोबर ना?

ए-३०३: दादा, ते बंद हवं! बरं झालं विचारलंत. मूळ नाव `Pause app activity if unused`. ते बटण नाही, चालू-बंद करायची खिटी आहे. ती चालू असली आणि ॲप बरेच दिवस उघडलं नाही, तर फोन त्याच्या परवानग्या काढून घेतो आणि नोटिफिकेशन थांबवतो. मराठीत ‘थांबवा’ म्हटलं की हुकूम वाटतो, म्हणून तुम्ही हुकूम पाळला. खिटी असेल तर नावानंतर ती शेवटी कशी दिसायला हवी तेही लिहायचं: ‘ही खिटी बंद, म्हणजे डावीकडे, हवी’.

हीच खिटी अँड्रॉइड १२ वर `Remove permissions and free up space` नावाने आहे. म्हणून सूचनेच्या वर कुठल्या फोनवर, कुठल्या आवृत्तीत पाहून लिहिलं ते टाकायला हवं.

सचिव (सी-१०२): जुना फोटो डिलीट करतो. तुम्ही नवीन लिहून द्याल का?

ए-३०३: लिहिलंय. अक्कांच्या फोनवर, त्यांच्याकडूनच एकेक पायरी करून घेतली. मी फक्त वाचत होते, बोट त्यांचंच. कॅश साफ करण्याची पायरी काढून टाकली, टँकरचा निरोप न येण्याशी तिचा संबंध नव्हता.

अँड्रॉइड १३, इंग्रजी फोनसाठी:
गेटच्या ॲपचं चिन्ह दाबून धरा. छोटी यादी येईल, त्यात `App info` (ॲप इन्फो, ॲपची माहिती) दाबा. काही फोनवर त्या जागी गोलात फक्त i असतो.
`Notifications` (नोटिफिकेशन्स, ॲपचे निरोप) उघडा. सगळ्यात वरची खिटी चालू, म्हणजे उजवीकडे, हवी. एकदा मागे या.
खाली सरका. `Pause app activity if unused` (पॉज ॲप ॲक्टिव्हिटी इफ अनयूज्ड, न वापरलेलं ॲप झोपवणे) ही खिटी बंद, डावीकडे, हवी.
याच पानावरचं `Force stop` (फोर्स स्टॉप, ॲप जबरदस्तीने बंद करणे) दाबू नका.

दुसऱ्या पायरीवर अक्का अडल्या होत्या. ‘मागे या’ म्हटल्यावर त्या थेट पहिल्या पडद्यावर गेल्या. म्हणून ‘एकदा’ हा शब्द घातला.

अक्का (बी-२०४): पोराने आत्ता ओटीपी सांगितला, ॲप उघडलं. वॉचमनला एकदा निरोप पाठवायला सांगा की.

सचिव (सी-१०२): पाठवायला सांगितलंय.

अक्का (बी-२०४): वाजला! हिरवं दाबू ना?

ए-३०३: त्यावर काय लिहिलंय, अक्षरं बघून सांगा अक्का.

अक्का (बी-२०४): पहिलं ए आहे, मग दोनदा एल.

ए-३०३: `Allow`. हो, तेच दाबा.

काका (सी-३०४): माझा स्क्रीनशॉट पाठवलाय, बघा.