विषय: मुलाखतीत "अशक्य मुदत आली तेव्हा काय केलं?"

अनघा:
नमस्कार मंडळी, परवा प्रॉडक्शन प्लॅनरच्या जागेसाठी मुलाखत आहे. हा प्रश्न हमखास येतो. माझा प्रसंग कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतला. मार्केटिंगने 400 पंप केसिंग 10 दिवसांत कबूल केली होती. प्रत्येक केसिंग ओतायला आतली पोकळी ठेवणारा वाळूचा एक कोअर लागतो; तो बनवायचा साचा, म्हणजे कोअर बॉक्स, एकच, दिवसाला 40 कोअर. "जमणार नाही असं ठाम सांगितलं" एवढं पुरेल का?

विलासकाका:
नकाराचं नावच काढू नकोस गं. दोन पाळ्या लावून वेळेत दिलं म्हण. टीमला मदत केलीस हेच तर त्यांना ऐकायचंय.

मेधाताई:
काका, मदत दिसायला हवी हे अगदी खरं. पण दुसरी पाळी चालली असेल तर मुदत अशक्य कुठे होती, असं ते लगेच विचारतील. न घडलेलं सांगितलं की तिथेच पाय अडकतो.

अनघा, नकाराआधी हिशेब मांड. 5 टक्के रिजेक्शन धरून 420 च्या वर कोअर लागतात, म्हणजे 11 दिवस. शेवटचा कोअर निघाल्यावर ओतकाम, फेटलिंग, मशिनिंग, तपासणीला 4 दिवस. झाले 15. दहाव्या दिवशी काय हातात येईल? पहिल्या 6 दिवसांचे 240 कोअर, त्यातून 228 चांगले नग. शब्द 220 चा द्यायचा. मार्केटिंगला सांगताना हेच वाक्य आधी: "दहाव्या दिवशी 220 नक्की, उरलेले पंधराव्या दिवशी." मग गिऱ्हाइकाची असेंब्ली रोज किती नग वापरते ते विचारलंस का?

अनघा:
हो ताई, 40.

मेधाताई:
मग 220 नग साडेपाच दिवस पुरतात, लाइन थांबत नाही. उत्तराचा जीव तिथे आहे, ते सावकाश सांग. फाउंड्रीची ओळख दोन वाक्यांत उरक, एकूण दोन मिनिटं. मार्केटिंगवाल्याला दोष देऊ नकोस. आणि "आम्ही केलं" नको, हिशेब तू मांडलास तर "मी" म्हण.

समीर:
ताई, आमचं सॉफ्टवेअरचं काम. कोअर मोजता येतात, बग कसे मोजायचे?

मेधाताई:
तिथे तारीख लगेच देऊच नये. "दोन दिवस कोड तपासतो, गुरुवारी तारीख सांगतो, तोवर लॉगिनचा भाग चालू ठेवतो" असं सांगावं. मात्र गुरुवारी तारीख द्यायलाच हवी, नाहीतर ती टाळाटाळ ठरते.

अनघा:
एक राहिलं. पहिल्या खेपेत रिजेक्शन 9 टक्के निघालं, 220 ऐवजी 218 गेले. सांगू?

विलासकाका:
दोन नगांसाठी कशाला? गाळ ते.

मेधाताई:
मी तर सांगेन. फक्त एक आठवून बघ, ते दोन कमी पडणार हे गिऱ्हाइकाला गाडी निघायच्या आधी कळवलं होतं की नंतर?